काळ्याचं काय झालं, पांढऱ्याचं काय झालं: गुलाबी-हिरव्या मॉनिटरचं निदान

‘मॉनिटर गुलाबी झालाय’ एवढ्यावरून दोष सांगता येत नाही. व्हीजीए केबलची एक पिन वाकली तरी पडदा गुलाबी होतो. कॉम्प्युटरने रंग एका पद्धतीने पाठवले आणि मॉनिटरने ते दुसऱ्या पद्धतीने वाचले तरी होतो, आणि कुणी मॉनिटरच्या मेनूत हात घालून हिरवा कमी केला तरीही होतो. तिन्हींचा इलाज वेगळा आहे. एकाचा इलाज दुसऱ्यावर करत बसलं की केबलवर केबल विकत घेतली जाते आणि शेवटी चांगला मॉनिटर भंगारात जातो. सांगलीत मार्केट यार्डाच्या परिसरात आणि खाजगी क्लासेसमध्ये कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करताना मी हे वारंवार पाहतो. म्हणून फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पडद्यावर जे काळं असायला हवं ते कसं दिसतंय, आणि जे पांढरं असायला हवं ते कसं दिसतंय?

हे पाहायला वेगळं काही लागत नाही. विंडोजमधलं पेंट उघडायचं आणि शेजारी शेजारी तीन चौकोन भरायचे: एक काळा, एक पांढरा आणि एक मधला राखाडी. राखाडीसाठी लाल, हिरवा, निळा या तिन्ही खान्यांत 128 लिहायचं. हे तीन चौकोन काय सांगतात ते पुढे येईलच. त्याआधी एक मिनिटाची चाचणी करून घ्या. मॉनिटरचं बटण दाबून त्याचा स्वतःचा मेनू उघडा. हा मेनू कॉम्प्युटरकडून येत नाही, मॉनिटर तो स्वतः काढतो. मागचं चित्र गुलाबी आणि मेनू मात्र नेहमीच्या रंगात, असं असेल तर पॅनेल ठीक आहे आणि गडबड बाहेरून येणाऱ्या सिग्नलमध्ये किंवा तो वाचण्यात आहे. मेनूही तसाच गुलाबी असेल, केबल काढल्यावर येणारी ‘नो सिग्नल’ची पाटीसुद्धा रंगलेली असेल, तर मॉनिटरच्या रंग सेटिंगमध्ये जाऊन सगळं मूळ पदावर आणायचं. तेवढ्यानेही रंग गेला नाही तर दोष मॉनिटरच्या आत आहे आणि नवीन केबल आणून काही होणार नाही.

आता व्हीजीए. सातारा-सांगलीकडच्या शाळांत छताला लावलेले प्रोजेक्टर आणि ऑफिसातले जुने मॉनिटर अजून निळ्या टोकाच्या व्हीजीए केबलवर चालतात. या केबलमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन रंग तीन वेगळ्या तारांतून जातात. रंग किती, हे त्या तारेतल्या व्होल्टेजवरून ठरतं. शून्य व्होल्ट म्हणजे तो रंग अजिबात नाही आणि 0.7 व्होल्ट म्हणजे पूर्ण. पांढऱ्या ठिपक्यासाठी तिन्ही तारांत 0.7 व्होल्ट असतात आणि काळ्यासाठी तिन्हींत शून्य.

समजा हिरव्याची तार तुटली. पांढऱ्यातून हिरवा वजा झाला की लाल आणि निळा उरतात, आणि त्यांचा मिळून होतो भडक राणी रंग. काळ्याला मात्र काहीच होत नाही, कारण त्याच्यासाठी त्या तारेतून मुळात काही यायचंच नव्हतं. व्हीजीए केबलच्या दोषाची खूण हीच: काळा काळाच राहतो, पांढऱ्याला रंग चढतो आणि राखाडीलाही तोच रंग थोडा गडद होऊन चढतो. लाल गेला तर पांढरा हिरवट आकाशी दिसतो, आणि लोक त्यालाच ‘स्क्रीन हिरवी झाली’ म्हणतात. निळा गेला तर पिवळा दिसतो. केबलचं टोक हलवल्यावर रंग येत-जात असेल तर शंका घ्यायला जागाच उरत नाही.

अशा वेळी दोन्ही यंत्रं बंद करून केबलचं टोक उजेडात धरून बघा. रुंद बाजू वर ठेवली तर वरच्या ओळीत डावीकडून पहिली पिन लाल रंगाची, दुसरी हिरव्याची, तिसरी निळ्याची. त्यांच्याच खाली मधल्या ओळीत त्या त्या रंगाच्या परतीच्या पिना असतात. एखादी वाकून आडवी झाली असेल तर बारीक चिमट्याने हळूच सरळ होते, पण एकदोनदाच, नंतर ती तुटते. मधल्या ओळीतली डावीकडून चौथी पिन अनेक केबलांत बनवतानाच ठेवलेली नसते. ती नाही म्हणून केबल फेकू नका.

एचडीएमआयला हा हिशेब लागू होत नाही, आणि बहुतेकांची गफलत इथेच होते. एचडीएमआयमधून व्होल्टेजची कमी-जास्त पातळी जात नाही, आकडे जातात. तार खराब झाली म्हणून ‘हिरवा थोडा कमी’ असं होत नाही. आकडेच चुकतात, आणि मग पडद्यावर चमचमणारे ठिपके, आडव्या रेघा, मधेच काळोख, असं काहीतरी दिसतं. चित्र एकदम स्थिर आहे, अक्षरं धारदार आहेत, एकही ठिपका लुकलुकत नाही आणि तरीही सगळे रंग विचित्र आहेत, असं असेल तर केबलवर शेवटी संशय घ्या. आधी बघा की रंग कोणत्या पद्धतीने पाठवले जातात आणि कोणत्या पद्धतीने वाचले जातात.

रंग सांगण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिली आरजीबी: लाल किती, हिरवा किती, निळा किती. कॉम्प्युटर मुळात याच पद्धतीने विचार करतो. दुसरी टीव्हीच्या जगातून आलेली, वायसीबीसीआर. यात पहिला आकडा फक्त उजेड किती ते सांगतो. दुसरा सांगतो की रंग निळ्याकडे किती झुकलाय, आणि तिसरा सांगतो की लालकडे किती. रंगीत टीव्ही आले तेव्हा ब्लॅक अँड व्हाइट संचांवरही तोच कार्यक्रम दिसायला हवा होता, म्हणून उजेड वेगळा काढला गेला. शिवाय आपल्या डोळ्यांना उजेडातला बारीक फरक जितका कळतो तितका रंगातला कळत नाही, त्यामुळे रंगाची माहिती कमी पाठवून जागा वाचवता येते. या कारणांमुळे ही पद्धत आजही टिकून आहे, आणि एचडीएमआयमध्ये दोन्ही पद्धती चालतात.

एचडीएमआयच्या तीन मार्गांवर आरजीबीत लाल, हिरवा आणि निळा जातात. वायसीबीसीआरमध्ये, तिचा पूर्ण म्हणजे 4:4:4 प्रकार असेल तर, हिरव्याच्या मार्गावर उजेड जातो, लालच्या मार्गावर लालकडचा झुकाव आणि निळ्याच्या मार्गावर निळ्याकडचा झुकाव. या मार्गांवर नुसते आकडे असतात. ते कोणत्या पद्धतीचे आहेत हे चित्राबरोबर सतत जाणाऱ्या एका छोट्या माहितीत लिहिलेलं असतं. पोत्यावर आत काय माल आहे त्याची चिठ्ठी असावी तसंच. चिठ्ठी हरवली, किंवा घेणाऱ्याला वाचताच आली नाही, तर तो आतला माल भलताच समजून उघडतो.

मग काय होतं ते आकड्यांतच बघू. काळा रंग वायसीबीसीआरमध्ये असा जातो: उजेड 16, आणि दोन्ही झुकाव 128. इथे 128 म्हणजे ‘कुणीकडेच झुकलेला नाही’. मॉनिटरने हे आरजीबी समजून वाचलं तर त्याला लाल 128, हिरवा 16, निळा 128 मिळतात, म्हणजे जांभळट गुलाबी. जिथे गडद काळं असायला हवं तिथे वांगी रंग पसरतो. पांढऱ्याचा उजेड 235 आणि झुकाव तेच 128. वाचताना लाल 128, हिरवा 235, निळा 128 होतात, म्हणजे पोपटी हिरवा. आणि मधला राखाडी? त्याचा उजेडही 128 च्या जवळपास आणि झुकावही 128, म्हणून तो राखाडीच राहतो. तीन चौकोनांत राखाडी काढायला सांगितला तो यासाठी. काळा जांभळट, पांढरा हिरवा आणि राखाडी जागच्या जागी, ही स्थिती तुटलेल्या तारेने येत नाही.

उलटाही प्रकार असतो. कॉम्प्युटर आरजीबी पाठवतोय आणि मॉनिटर ते वायसीबीसीआर समजून वाचतोय. तेव्हा काळा गडद हिरवा होतो आणि पांढरा गुलाबी. राखाडी इथेही राखाडीच. म्हणजे काळं-पांढरं बघूनच चूक कोणत्या दिशेची आहे ते कळतं. काळा जांभळट असेल तर कॉम्प्युटर टीव्हीच्या पद्धतीने बोलतोय, तेव्हा कॉम्प्युटरच्या बाजूने त्याला आरजीबीवर आणा. काळा हिरवा असेल तर मॉनिटर टीव्हीच्या पद्धतीने ऐकतोय, तेव्हा मॉनिटरच्या मेनूत शिरा. डेलच्या अनेक मॉनिटरांत रंगाच्या मेनूत `Input Color Format` नावाचा पर्याय असतो आणि त्यात `RGB` किंवा टीव्हीची पद्धत, म्हणजे `YPbPr`, निवडता येतं. हात लागून ते बदललं गेलं की हुबेहूब हीच स्थिती येते. `RGB` केलं की संपलं.

आता एक पूर्ण उदाहरण. मार्केट यार्डातली हळदीची एक पेढी. एकच कॉम्प्युटर, त्याला एचडीएमआय स्प्लिटर. एक फाटा बाहेर गाळ्यातल्या टीव्हीला, ज्यावर आलेल्या मालाचे नंबर, वजनं आणि भाव दिसतात. दुसरा फाटा आत दिवाणजींच्या टेबलावरच्या जुन्या मॉनिटरला. त्या मॉनिटरला एचडीएमआय नाही, डीव्हीआय आहे, म्हणून मधे छोटा अडॅप्टर. आदल्या दिवशी लाईट गेली, परत आली, आणि तेव्हापासून आतला मॉनिटर बिघडला. टीव्ही अगदी छान.

“केबल नवी घातली की ओ, अडॅप्टरपण बदलला,” दिवाणजी म्हणाले, “तरी हळद बघा कशी दिसतीय. पुण्याच्या व्यापाऱ्याला फोटो पाठवायचे कसे?”

त्यांचं बरोबर होतं. फोटोतली राजापुरी हळद शेवाळी दिसत होती. हळदीचा पिवळा साधारण लाल 225, हिरवा 170, निळा 30 असा धरला, तर वायसीबीसीआरमध्ये तो जातो आणि आरजीबी म्हणून वाचल्यावर जवळपास 158, 163, 61 होतो. लाल कमी झाला, निळा वाढला, की पिवळ्याचं शेवाळ होतं. फोटो मात्र जसाच्या तसा होता. तोच फोटो मोबाईलवर उघडून दाखवला तेव्हा दिवाणजींचा जीव भांड्यात पडला. गडबड फक्त दाखवण्यात असते, फाईलमध्ये नाही. अशा पडद्याकडे बघून फोटोचा रंग मात्र ‘दुरुस्त’ करू नका, नाहीतर व्यापाऱ्याकडे खरोखरच चुकीचा रंग जाईल.

पेंटमधले तीन चौकोन काढले. काळा वांगी, पांढरा पोपटी, राखाडी राखाडी. पडद्याच्या डाव्या कडेला एक बारीक गुलाबी उभी रेघही होती. एचडीएमआयचा सिग्नल निव्वळ डीव्हीआय जाणणाऱ्या मॉनिटरला मिळाला की कधी कधी ती दिसते, आणि मग संशय पक्का होतो.

झालं होतं ते असं. कॉम्प्युटर सुरू होताना समोरच्या पडद्याला विचारतो, ‘तुला काय काय चालतं?’ पडदा आपली यादी पाठवतो. या यादीला ईडीआयडी म्हणतात. मधे स्प्लिटर असला की कॉम्प्युटरला दोन पडदे दिसत नाहीत, स्प्लिटर जी यादी पुढे करेल तीच त्याच्यासाठी खरी. अनेक स्वस्त स्प्लिटर एकाच फाट्याची यादी उचलून पुढे करतात, बहुधा पहिल्या फाट्याची किंवा जो पडदा आधी जागा झाला त्याची. लाईट आली तेव्हा टीव्ही आधी सुरू झाला. मॉनिटरचं बटण दिवाणजींनी पेढीवर आल्यावर दाबलं. टीव्हीच्या यादीत वायसीबीसीआर चालतं असं लिहिलेलं होतं, म्हणून कॉम्प्युटरने ते निवडलं आणि स्प्लिटरने तोच सिग्नल दोन्हीकडे वाटला. टीव्हीने चिठ्ठी वाचली. डीव्हीआय मॉनिटरला ही चिठ्ठी असते हेच ठाऊक नाही, कारण डीव्हीआयमध्ये आरजीबीशिवाय दुसरं काही नसतं. छोटा अडॅप्टर फक्त तारा इकडच्या तिकडे जोडतो, रंगाची पद्धत बदलत नाही. त्यामुळे नवी केबल आणि नवा अडॅप्टर दोन्ही वाया गेले होते.

इलाज दोन मिनिटांचा होता. त्या कॉम्प्युटरला एनव्हिडियाचं कार्ड होतं. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये `Change resolution` या पानावर खाली `Use NVIDIA color settings` निवडायचं, मग `Output color format` मध्ये `YCbCr444` होतं तिथे `RGB` करायचं आणि `Apply`. टीव्हीलाही आरजीबी चालतं, त्यामुळे दोन्ही पडदे नीट झाले. एएमडीचं कार्ड असेल तर त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्प्लेच्या पानावर `Pixel Format` असतं, तिथे `RGB 4:4:4` ने सुरू होणारा आणि `Full RGB` असा उल्लेख असलेला पर्याय घ्यायचा. टीव्हीवर काळा राखाडलेला किंवा सावल्या बुजलेल्या वाटल्या तर एनव्हिडियाच्या त्याच पानावरचं `Output dynamic range` एकदा `Full` आणि एकदा `Limited` करून बघा. तो वेगळा विषय आहे, त्याने गुलाबी किंवा हिरवा येत नाही.

दुसराही एक मार्ग दिवाणजींच्या मुलाने सुचवला होता: स्प्लिटरचे फाटे अदलाबदल करून मॉनिटर पहिल्या फाट्यावर घ्यायचा. रंग त्याने नीट होतील. पण मग कॉम्प्युटरला यादी मिळेल डीव्हीआय मॉनिटरची, आणि त्या यादीत आवाजाचा उल्लेखच नसतो. कॉम्प्युटर आवाज पाठवणं बंद करेल आणि बाहेरचा टीव्ही मुका होईल. पेढीत टीव्हीवरून सूचना ऐकवायच्या होत्या, म्हणून तो मार्ग सोडला. जिथे आवाज लागत नाही तिथे तो चांगला आहे.

केबल अगदीच निर्दोष असते असंही नाही. पडद्याची यादी एचडीएमआयमध्ये दोन वेगळ्या बारीक तारांवरून येते, 15 आणि 16 नंबरच्या पिनांवरून. त्या ढिल्या झाल्या तर चित्र येत राहतं, पण कॉम्प्युटरला यादी वाचता येत नाही आणि तो अंदाजाने काहीतरी पाठवतो. अशा वेळी रंगाबरोबर रिझोल्यूशनही पडतं आणि मॉनिटरचं नाव सेटिंगमध्ये दिसेनासं होतं. चिठ्ठीसुद्धा चित्राच्याच तारांवरून जाते, त्यामुळे तारा फार खराब असतील तर तीही पोचत नाही, पण मग बहुधा ठिपके आणि लुकलुकही सोबत असते. यापैकी काही दिसत असेल तर केबल जरूर बदला, आणि शक्य असेल तर लांबी कमी करा.

सॉफ्टवेअरमधल्या रंगाच्या सेटिंग्ज ओळखणं त्या मानाने सोपं आहे. विंडोजचा `Night light` पडदा नारिंगी करतो, गुलाबी-हिरवा नाही, आणि काळ्याला हात लावत नाही. चुकीची रंग प्रोफाइल बसली असेल तर छटा सौम्य असते, आणि पुष्कळदा फक्त फोटो उघडल्यावरच दिसते. `Win+R` दाबून हे टाइप करा:

```
colorcpl
```

उघडलेल्या खिडकीत आपला मॉनिटर निवडून खालची अनोळखी प्रोफाइल काढून टाका. आणखी एक पडताळा: कॉम्प्युटर सुरू होताना बायोसमध्ये जाऊन बघा. तिथेही रंग बिघडलेला असेल तर विंडोजमधल्या कुठल्याही सेटिंगचा दोष नाही. बायोसमध्ये ठीक आणि विंडोज उघडता उघडता बिघडला, तर ग्राफिक्स ड्रायव्हर जागा होतो आणि रंगाची पद्धत बदलतो तोच तो क्षण.

पेढीतली गोष्ट एवढ्यावर संपत नाही, कारण ड्रायव्हर अपडेट झाला की ही सेटिंग कधी कधी मूळ जागी परत जाते. म्हणून `Output color format` आणि `RGB` हे दोन शब्द दिवाणजींनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतले. सीसीटीव्हीचा डीव्हीआर किंवा सेट टॉप बॉक्स असा स्प्लिटरला जोडलेला असेल तर मात्र हा पर्याय बहुधा सापडणारच नाही. तिथे स्प्लिटरवरच ईडीआयडी निवडायचे छोटे खटके आहेत का ते बघा, आणि नसतील तर ते असलेला स्प्लिटर घ्या. नाहीतर डीव्हीआय मॉनिटरसाठी साध्या अडॅप्टरऐवजी रंगाची पद्धत खरोखर बदलून देणारा, वेगळी वीज लागणारा कन्व्हर्टर घ्यावा लागतो. त्याच्या किमतीत पुष्कळदा एचडीएमआय असलेला वापरलेला मॉनिटर मिळून जातो, तेव्हा आधी तिकडे चौकशी करा.